शिखरं आणि आव्हानं: दोघांच्या अंकांवरून संसाराचे टप्पे कसे मांडायचे

अंकशास्त्रात शिखर म्हणजे एखाद्या काळात आयुष्य माणसाला कुठे ओढतं ते, आणि आव्हान म्हणजे त्याच काळात तो कुठे अडतो ते. शिखरांची आणि आव्हानांची ही चक्रं, ज्यांना आपल्याकडे बरेचजण सरळ 'पिनॅकल' आणि 'चॅलेंज' म्हणतात, ती एका माणसाच्या जन्मतारखेवरून निघतात. संसार दोघांचा असतो. गोंधळ इथूनच सुरू होतो. कुणी फक्त नवऱ्याची शिखरं काढून त्यावर लग्नाचा अंदाज बांधतं, कुणी दोघांचे आकडे शेजारी ठेवून 'जुळतात का' एवढंच बघतं, तर कुणी लग्नाच्या तारखेलाच जन्मतारीख समजून गणित मांडतं. खाली दिलेली पद्धत वेगळी आहे. दोघांची चक्रं एकाच काळपट्टीवर एकाखाली एक मांडायची, आणि दोघांपैकी कुणाचंही चक्र बदललं की तिथे संसाराचा नवा टप्पा धरायचा. मग प्रत्येक टप्प्यात काय चालू होतं याचं वर्णन करायचं.

यातून वर्णन मिळतं, भाकीत मिळत नाही. अंकशास्त्राला वैज्ञानिक आधार नाही. लग्न करावं की मोडावं, मूल कधी होईल, आजार बरा होईल का, असले प्रश्न या पट्टीला विचारू नयेत. गेल्या वीस वर्षांकडे दोघांनी मिळून बघायला एक भाषा हवी असेल तर ती इथे सापडते, आणि तेवढ्यासाठी गणित मात्र चोख हवं.

१. आधी कागद: तारखा आणि घटनांची यादी

दोघांची खरी जन्मतारीख हवी, दाखल्यावरची नव्हे. महाराष्ट्रात एका पिढीतल्या असंख्य लोकांची शाळेतली जन्मतारीख १ जून आहे, कारण नाव घालताना गुरुजींनी वयात बसेल अशी तारीख लिहून टाकली. आधार कार्डावर, पॅनवर आणि पेन्शनच्या कागदांवरही मग तीच चालत आली. जोडीदाराची तारीख १ जून असेल तर घरातल्या मोठ्यांना एकदा विचाराच. पत्रिका, प्रसूतीगृहाचा कागद किंवा जुन्या वहीतली नोंद शोधा.

दुसरी अडचण मध्यरात्रीची. पंचांगाचा वार सूर्योदयाला बदलतो, त्यामुळे पहाटे दोनला जन्मलेल्या मुलाबद्दल घरचे 'चौदाच्या रात्री झाला' असं सांगतात. हे गणित इंग्रजी तारखेवर चालतं आणि ती रात्री बाराला बदलते. पहाटे दोनचा जन्म असेल तर तारीख पंधरा धरायची.

आकडेमोड सुरू करण्याआधी आणखी एक काम आहे, आणि हेच बहुतेक जण गाळतात. लग्नानंतर घरात जे मोठे बदल झाले त्यांची यादी दोघांनी वेगवेगळ्या कागदांवर लिहावी, फक्त वर्ष आणि घटना: घर घेतलं, नोकरी गेली, सासूबाई आजारी पडल्या, अबोला धरला, वेगळे राहायला गेलो. आकडे कळल्यावर ही यादी केली तर आठवणी आपोआप आकड्यांना जुळवून घेतात. यादी आधी, गणित नंतर.

*लक्षात ठेवा:* नावाचा इथे काहीही संबंध नाही. लग्नात तांदळाच्या ताटात लिहिलेलं नवं नाव, बदललेलं आडनाव, स्पेलिंगमध्ये वाढवलेलं अक्षर, यातल्या कशानेही शिखरं आणि आव्हानं हलत नाहीत. पत्रिकेतल्या ३६ गुणांचाही पुढे येणाऱ्या ३६ या आकड्याशी संबंध नाही.

२. महिना, दिवस आणि वर्ष: तीन सुटे अंक

तारखेचे तीन भाग वेगळे ठेवून प्रत्येकाची एक अंक उरेपर्यंत बेरीज करा. उदाहरणासाठी मी एक जोडपं कल्पून घेतो. नवऱ्याचा जन्म २ सप्टेंबर १९७३, बायकोचा १४ ऑगस्ट १९७८, लग्न डिसेंबर २००२.

नवरा: महिना ९, दिवस २, वर्ष १+९+७+३ = २०, म्हणजे २.
बायको: महिना ८, दिवस १+४ = ५, वर्ष १+९+७+८ = २५, म्हणजे ७.

तिन्हींची बेरीज म्हणजे भाग्यांक. नवऱ्याचा ९+२+२ = १३, म्हणजे ४. बायकोचा ८+५+७ = २०, म्हणजे २. मूलांक वेगळा, तो फक्त दिवसावरून निघतो. पुढे वर्षं बसवताना भाग्यांक लागतो. तिथे मूलांक वापरला तर सगळी पट्टी सरकते.

*इथे चुका होतात:* वर्षाचे शेवटचे दोनच आकडे घेऊ नका. '७८' घेतलं तर ७+८ = १५, म्हणजे ६ येतात, पण १९७८ चे ७ येतात.

दुसरी चूक जास्त फसवी आहे. परदेशी वेबसाइटवर किंवा ॲपमध्ये तारीख टाकताना महिना आधी विचारला जातो. आपण सवयीने दिवस आधी टाकतो आणि २ सप्टेंबरचा ९ फेब्रुवारी होतो. गंमत अशी की भाग्यांक तोच येतो, पहिलं शिखर तेच येतं, पहिलं आव्हानही तेच, म्हणून चूक कुणाच्या लक्षात येत नाही. प्रत्यक्षात दुसरं आणि चौथं शिखर आपसात बदलतात, तशीच दुसरं आणि चौथं आव्हानही. तिसरं शिखर आणि तिसरं आव्हानही बहुधा चुकतं. आपल्या उदाहरणात नवऱ्याचं दुसरं शिखर ४ ऐवजी ११ येईल आणि संसाराच्या मधल्या नऊ वर्षांचं वर्णन पूर्ण उलटं होईल. वर दिसतोय तेवढाच हिशोब आहे, तेव्हा कागदावरच करा.

३. चार शिखरं (बेरीज)

पहिलं शिखर: महिना + दिवस
दुसरं शिखर: दिवस + वर्ष
तिसरं शिखर: पहिलं शिखर + दुसरं शिखर
चौथं शिखर: महिना + वर्ष

नवरा: ९+२ = ११. २+२ = ४. ११+४ = १५, म्हणजे ६. ९+२ = ११.
बायको: ८+५ = १३, म्हणजे ४. ५+७ = १२, म्हणजे ३. ४+३ = ७. ८+७ = १५, म्हणजे ६.

शिखरात ११ किंवा २२ आले तर ते तसेच ठेवायचे, त्यांचा २ किंवा ४ करायचा नाही. हे मास्टर नंबर. वाचताना मात्र त्यांच्या पोटातला २ किंवा ४ ही आठवणीत ठेवावा, कारण ११ चं शिखर चालू असलेला माणूस बराच काळ २ सारखाच जगत असतो, हळवा आणि दुसऱ्याच्या मनाचा कानोसा घेणारा.

*पडताळा:* तिसरं शिखर म्हणजे भाग्यांक आणि दिवसाचा अंक यांची बेरीज. नवरा: ४+२ = ६, बरोबर. बायको: २+५ = ७, बरोबर. तसंच चौथ्या शिखरात दिवसाचा अंक मिळवला की भाग्यांक परत यायला हवा. बायको: ६+५ = ११, म्हणजे २, बरोबर. हे दोन्ही जुळले तरच पुढे जा.

४. चार आव्हानं (वजाबाकी)

जोड्या त्याच, फक्त मोठ्यातून लहान वजा करायचा.

पहिलं आव्हान: महिना आणि दिवस यांतला फरक
दुसरं आव्हान: दिवस आणि वर्ष यांतला फरक
तिसरं आव्हान: पहिल्या दोन आव्हानांतला फरक
चौथं आव्हान: महिना आणि वर्ष यांतला फरक

नवरा: ९−२ = ७. २−२ = ०. ७−० = ७. ९−२ = ७.
बायको: ८−५ = ३. ७−५ = २. ३−२ = १. ८−७ = १.

वजाबाकीत मास्टर नंबर चालत नाहीत. महिना नोव्हेंबर असेल किंवा दिवस ११, २२, २९ असेल तर तो आधी एका अंकावर आणायचा आणि मगच वजाबाकी करायची. आव्हान ० ते ८ या दरम्यानच येतं. ९ आलं तर हिशोब चुकला आहे.

*पडताळा:* चौथं आव्हान म्हणजे पहिल्या दोन आव्हानांची एक तर बेरीज असते, नाहीतर वजाबाकी. बायकोच्या ३ आणि २ वरून ते ५ किंवा १ येऊ शकतं. आलं आहे १, म्हणजे ठीक. तिथे ४ दिसला असता तर कुठेतरी आकडा घसरला असं समजायचं.

५. वर्षं बसवणं

आकडे बरोबर निघूनही पट्टी चुकते ती इथे. पहिलं शिखर कोणत्या वयापर्यंत चालतं ते काढायला ३६ मधून भाग्यांक वजा करायचा. भाग्यांक ११ असेल तर २ धरा, २२ असेल तर ४. त्यानंतर दुसरं शिखर नऊ वर्षं, तिसरं नऊ वर्षं, आणि चौथं पुढे आयुष्यभर.

नवरा: ३६−४ = ३२. पहिलं शिखर १९७३+३२ = २००५ पर्यंत. दुसरं २००६ ते २०१४, तिसरं २०१५ ते २०२३, चौथं २०२४ पासून.
बायको: ३६−२ = ३४. पहिलं शिखर १९७८+३४ = २०१२ पर्यंत. दुसरं २०१३ ते २०२१, तिसरं २०२२ ते २०३०, चौथं २०३१ पासून.

एका वर्षाची गल्लत इथे नेहमी होते: २००५ हे जुन्या शिखराचं शेवटचं वर्ष की नव्याचं पहिलं? उत्तर वैयक्तिक वर्षांकात आहे. महिना, दिवस आणि ते चालू वर्ष यांची बेरीज करा. नवऱ्यासाठी २००५ चं वर्ष २+०+०+५ = ७, म्हणून ९+२+७ = १८, म्हणजे ९. नऊ म्हणजे समाप्तीचं वर्ष, त्याच्यावरच जुनं शिखर संपतं आणि १ च्या वर्षात नवं लागतं. ३६ हा आकडा याचसाठी आहे, त्यात नऊ-नऊ वर्षांची चार आवर्तनं मावतात.

*पडताळा:* प्रत्येक शिखराच्या शेवटच्या वर्षाचा वैयक्तिक वर्षांक ९ च यायला हवा. बायकोचं २०१२: ८+५+५ = १८, म्हणजे ९. बरोबर. दुसरा कुठलाही अंक आला तर भाग्यांक पुन्हा तपासा.

आव्हानं किती काळ चालतात याबद्दल अभ्यासकांत दोन मतं आहेत. काहीजण तिसरं आव्हान आयुष्यभराचं मुख्य आव्हान मानतात. संसाराच्या पट्टीसाठी मी प्रत्येक आव्हान त्याच्या क्रमांकाच्या शिखराबरोबरच चालवतो, कारण दोघांची पट्टी मांडताना वेगवेगळ्या लांबीचे चार थर झाले की काहीच वाचता येत नाही. काहीजण शिखर जानेवारीऐवजी वाढदिवसापासून बदललं असं धरतात. तेही चालेल, पण दोघांना एकच नियम लावा.

६. दोघांची पट्टी एकाखाली एक

आता चौकटीच्या वहीत एक आडवी रेघ ओढा आणि लग्नाच्या वर्षापासून वर्षं लिहा. वरच्या ओळीत नवऱ्याची चक्रं, खालच्या ओळीत बायकोची. जिथे कुठल्याही एका ओळीत बदल होतो तिथे दोन्ही ओळींमधून उभी रेघ मारा. दोन उभ्या रेघांमधलं अंतर म्हणजे संसाराचा एक टप्पा. लग्नाच्या तारखेचा उपयोग इतकाच, पट्टी कुठून सुरू करायची ते कळतं.

| काळ | नवरा (शिखर / आव्हान) | बायको (शिखर / आव्हान) |
|---|---|---|
| २००२–२००५ | ११ / ७ | ४ / ३ |
| २००६–२०१२ | ४ / ० | ४ / ३ |
| २०१३–२०१४ | ४ / ० | ३ / २ |
| २०१५–२०२१ | ६ / ७ | ३ / २ |
| २०२२–२०२३ | ६ / ७ | ७ / १ |
| २०२४–२०३० | ११ / ७ | ७ / १ |
| २०३१ पासून | ११ / ७ | ६ / १ |

टप्प्यांची लांबी बघा. मधल्या काळात सात वर्षं, दोन वर्षं, सात वर्षं, दोन वर्षं, सात वर्षं, असं चाललं आहे. हा योगायोग नाही. दोघांचीही शिखरं नऊ वर्षांनीच बदलत असल्यामुळे त्या नऊ वर्षांचे दोन तुकडे पडतात आणि तोच ठेका मधली सगळी वर्षं टिकतो. कुणाचा ७ आणि २, कुणाचा ५ आणि ४. ज्या जोडप्याची शिखरं एकाच वर्षी बदलतात त्यांना तुकडे नसतात, नऊ वर्षं सलग आणि मग दोघंही एकदम नव्या जागी. आपल्या जोडीचा ठेका कोणता हे आधी ओळखा, आकड्यांचे अर्थ नंतर.

माझ्या मते सगळ्यात जास्त लक्ष लहान तुकड्यांकडे द्यायला हवं. त्या काळात एकजण नव्या चक्रात गेलेला असतो आणि दुसरा जुनं संपवत असतो. 'तू बदललीस', 'तू बदललास' ही वाक्यं बहुतेक वेळा याच सांध्यांवर बोलली जातात.

७. वाचन: आधी शिखर, मग आव्हान, मग दोन्हींची गाठ

शिखर म्हणजे त्या काळात आयुष्य माणसाला कुठल्या दिशेला ओढतं ते. आव्हान म्हणजे त्याच काळात तो स्वतः कुठे अडतो ते. शिखरांत १ स्वतःच्या पायावर उभं राहण्याचं, २ जुळवून घेण्याचं, ३ व्यक्त होण्याचं आणि लोकांत मिसळण्याचं, ४ कष्टाचं आणि पाया घालण्याचं, ५ बदलाचं, ६ घराच्या जबाबदारीचं, ७ आत वळण्याचं, ८ पैसा आणि अधिकाराचं, ९ सोडून देण्याचं. ११ अंतर्ज्ञानाचं आणि त्याबरोबर येणाऱ्या मनाच्या ताणाचं, २२ मोठं काही उभारण्याचं.

आव्हानांत १ म्हणजे स्वतःच्या मतावर ठाम राहता न येणं, २ अतिहळवेपणा, ३ मनातलं मोकळेपणी न सांगता येणं, ४ शिस्तीशी झगडा, ५ चंचलपणा, ६ सगळ्यांना सुधारायचा हट्ट, ७ अविश्वास आणि भावना झाकून ठेवणं, ८ पैशाच्या बाबतीतला तोल सुटणं. ० असेल तर ठरावीक अडथळा नसतो. सगळी निवड त्या माणसाचीच असते, आणि ती सोपी असतेच असं नाही.

आता उदाहरण घेऊ.

२००२ ते २००५. नवरा ११ मध्ये: डोक्यात कल्पना खूप, मनावर ताण, आणि ७ चं आव्हान असल्यामुळे तो ताण कुणाला कळू न देणं. बायको ४ मध्ये: तिला घडी बसवायची आहे, महिन्याचा हिशोब मांडायचा आहे. पण ३ च्या आव्हानामुळे तिला जे हवं ते ती थेट मागत नाही, आडून सुचवते. दोघंही कमी बोलतात, कारणं मात्र वेगळी. तो विश्वास बसेपर्यंत बोलत नाही, ती कुणी टोकेल म्हणून बोलत नाही. वर्णनात ही दोन कारणं वेगळी लिहायची. 'सुरुवातीला संवाद नव्हता' एवढ्यावर थांबलं तर हाती काही लागत नाही.

२००६ ते २०१२. दोघंही ४ मध्ये. सात वर्षं एकाच ओढीची: घराचे हप्ते, मुलाचा शाळाप्रवेश, गावाकडच्या जबाबदाऱ्या. हा काळ भक्कम असतो आणि मागे वळून बघताना जोडपी त्याला 'चांगले दिवस' म्हणतात. पण ४ आणि ४ एकत्र आले की बोलणं यादीपुरतं उरतं. संध्याकाळी दोघं भेटतात तेव्हा विषय असतात लाइट बिल, दूधवाला, शाळेची फी. तिच्या ३ च्या आव्हानाला या काळात कुणीच हात लावत नाही, कारण कामं होत असतात.

२०१३ आणि २०१४. हा पहिला सांधा. बायको ३ मध्ये गेली, नवरा अजून ४ ची शेवटची दोन वर्षं ओढतोय. तिला गाण्याचा क्लास लावावासा वाटतो, भिशीच्या मैत्रिणींबरोबर सहलीला जावंसं वाटतं. तो अजून हप्ते मोजतो. तिचं आव्हान आता २, त्यामुळे त्याचं 'आत्ताच हवंय का हे?' एवढं वाक्यही तिला महिनाभर टोचतं. इथे वाचणारे हमखास चुकतात आणि नवऱ्याला अडवणारा ठरवून मोकळे होतात. पट्टी नीट बघितली तर तो जिथे होता तिथेच आहे, जागा तिने बदलली आहे.

२०१५ ते २०२१. नवरा ६ मध्ये, पण ७ च्या आव्हानासह. आई-वडिलांची दुखणी, घरातल्यांची सोय, सगळं तो करतो आणि त्याबद्दल काही बोलत नाही. बायको ३ मध्ये असली तरी २ च्या आव्हानात आहे, त्यामुळे त्याच्या गप्प बसण्याचा अर्थ ती नाराजी असाच लावते. या पट्टीतला सर्वात अवघड टप्पा मी हाच मानेन. शिखरं दोन्ही प्रेमळ आहेत, ३ आणि ६ यांचं एरवी उत्तम जमतं. त्रास येतो तो आव्हानांच्या गाठीतून: एक झाकणारा, दुसरी झाकलेल्याचा अर्थ लावणारी. फक्त शिखरं जुळवून बघणाऱ्याला ही सात वर्षं सुखाची वाटतील, म्हणून गाठ बघितल्याशिवाय टप्प्याला चांगलं किंवा वाईट म्हणू नये.

२०२२ आणि २०२३. दुसरा सांधा, आणि पहिल्याच्या बरोबर उलटा. आता बायको ७ मध्ये आत वळते, तिला स्वतःची खोली, स्वतःचा वेळ हवा. नवरा अजून ६ मध्ये, त्याला सगळ्यांनी एकत्र बसून जेवावंसं वाटतं. तिचं आव्हान १, म्हणजे 'मला हवंय' हे ठामपणे सांगायला ती आत्ता शिकते आहे.

२०२४ ते २०३०. नवऱ्याची जोडी पुन्हा ११ आणि ७. लग्न झालं तेव्हाही हीच होती. म्हणून अशा वेळी बायकोला 'हा परत पहिल्यासारखा झाला' असं वाटतं आणि तिला जुन्या तक्रारी आठवतात. पण तेव्हा तिच्या बाजूला ४ आणि ३ होते, आता ७ आणि १ आहेत. तेव्हा ती सुचवत होती, आता सांगते. एकाचे आकडे परत आले म्हणून टप्पा परत येत नाही, दुसऱ्याची ओळ बघावी लागते.

२०३१ पासून ती ६ मध्ये येईल आणि त्यानंतर या पट्टीवर एकही उभी रेघ नाही.

*सावधान:* आव्हानाचा अंक जोडीदाराला ऐकवण्यासाठी वापरू नका. 'तुझं ७ चं आव्हान आहे म्हणून तू असा' हे वाक्य या पद्धतीचा सगळा उपयोग घालवतं. ज्याचं आव्हान त्याने स्वतःबद्दल बोलावं. आणि घरात मारहाण, दारू, पैशाची किंवा बाहेर जाण्यायेण्याची कोंडी असेल तर त्याला टप्पा म्हणू नये. ते संपण्याची वाट बघत बसायचं नसतं, त्यासाठी माहेरची माणसं, समुपदेशक, पोलीस यांच्याकडे जायचं असतं.

८. यादीशी ताडून बघणं

आता पहिल्या दिवशी बाजूला ठेवलेले दोन कागद काढा. घटना पट्टीवर त्या-त्या वर्षाखाली लिहा, नवऱ्याच्या यादीतल्या एका रंगात, बायकोच्या दुसऱ्या रंगात. दोन्ही यादीत असलेल्या घटनांपेक्षा एकाच यादीत असलेल्या घटना जास्त सांगून जातात. बायकोने २०१३ खाली 'क्लास सोडला' लिहिलं असेल आणि नवऱ्याच्या कागदावर ते वर्षच रिकामं असेल, तर बोलायला विषय मिळाला.

जुळत नसलेल्या घटना खोडू नका. घर २०१७ मध्ये घेतलं असेल तर ते ४ च्या शिखरात बसत नाही, नाही बसत. ओढूनताणून 'तयारी ४ मध्येच सुरू झाली होती' असं म्हणू लागलात की कुठलीही घटना कुठल्याही अंकात बसवता येते आणि मग पट्टीला अर्थ राहत नाही. त्याचप्रमाणे २०२० चं लॉकडाऊन हे कुणाच्याच शिखराचा पुरावा म्हणून धरू नये, ते सगळ्यांच्याच घरात आलं होतं.

प्रत्येक टप्प्यासाठी शेवटी दोनच वाक्यं लिहा, पहिलं दोघांना आयुष्य कुठे ओढत होतं याचं, दुसरं कुठे अडलं याचं. ती दोघांनाही मान्य हवीत. एकालाच पटलेलं वाक्य पट्टीवर पेन्सिलने ठेवा.

वय जास्त असेल तर

भाग्यांक १ असेल तर पहिलं शिखर ३५ पर्यंत, ९ असेल तर २७ पर्यंत. म्हणजे चौथं शिखर कुणालाही ४६ ते ५४ या वयांच्या दरम्यान लागतंच आणि मग कायम राहतं. लग्न होऊन तीस-पस्तीस वर्षं झालेल्या जोडप्याच्या पट्टीवर पुढच्या बाजूला काहीच बदल दिसत नाहीत. काहीजण तिथे मनाने नवी शिखरं जोडत नेतात, पण या पद्धतीत शिखरं चारच आहेत. मुलं परदेशी जाणं, निवृत्ती, एकाचं आजारपण, असे साठीनंतरचे बदल समजून घ्यायचे असतील तर पाचव्या पायरीतला वैयक्तिक वर्षांक दोघांसाठी वर्षागणिक काढा आणि चौथ्या शिखराखाली तो लिहीत जा. दोघांच्या १ आणि ९ च्या वर्षांवर खूण करा. आपल्या उदाहरणात बायकोची ९ ची वर्षं २०३०, २०३९, २०४८ अशी येतात, नवऱ्याची २०३२, २०४१, २०५०. तिची ९ ची वर्षं त्याच्या आधी दोन वर्षं येतात, म्हणजे ७ आणि २ चा जुना ठेका तिथेही चालूच राहतो.